मोजणी दुपारी, हिशोब रात्री

*दादा, पंचवटीत आमचं पूजा साहित्याचं दुकान आहे. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. स्टॉकसाठी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिलीय. रात्री दुकान बंद झालं की दिवसभराची बिलं bikri.csv मध्ये आणि आलेला माल kharedi.csv मध्ये टाकतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा एखाद्या मालाची मोजणी करतो, ती mojni.csv मध्ये. मग हे चालवतो आणि नवे आकडे परत stock.csv मध्ये जातात:*

```python
for r in bikri:
    stock[r["mal"]] -= int(r["nag"])
for r in kharedi:
    stock[r["mal"]] += int(r["nag"])
for r in mojni:
    stock[r["mal"]] = int(r["nag"])
```

*त्या दिवसाच्या फायली तारखेचं नाव देऊन बाजूला ठेवतो. मित्राला मेसेज केला होता की स्टॉकचं लॉजिक बरोबर आहे का बघ. त्याने चालवून पाहिली, म्हणाला एकदम ओके. पण जवळजवळ प्रत्येक मोजणीत अगरबत्तीची तूट निघते. बाबांना वाटतं दुकानातला पोरगा पुडे काढतो. मागच्या पगारातून 900 रुपये धरले. तो माझ्याच वयाचा आहे. अजून एक, सुट्या कापराचं वजन किलोत पॉइंट देऊन लिहिलं की int एरर देतं. तेही सांगा.*

मित्राला बोल लावू नकोस. त्याने बहुतेक चार विक्रीच्या ओळी आणि एक खरेदीची ओळ टाकून पाहिली असणार, आणि तेवढ्यापुरती तुझी स्क्रिप्ट खरोखर बरोबर आहे. वजाबाकी आणि बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येतं. आधी सगळी विक्री वजा करून मग खरेदी मिळव, किंवा उलट कर, फरक पडत नाही. मोजणीचं तसं नाही. ती आधीचं सगळं पुसून नवा आकडा लिहिते, म्हणून ती कुठे बसते याला महत्त्व आहे. तू ती सगळ्यांच्या शेवटी बसवलीस. दुकानात मात्र ती दुपारी झाली होती.

एका शनिवारचंच उदाहरण घेऊ. आकडे मी बनवलेले आहेत, पण तुझ्या दुकानात याच चालीने जात असणार. शुक्रवारी रात्री मोगरा अगरबत्तीचे पुडे stock.csv मध्ये 120 आहेत. पण शुक्रवारी संध्याकाळी आरतीच्या वेळची गर्दी होती, बाबांनी दोन बिलं घाईत फाडली आणि ती गल्ल्याखालच्या खिळ्याला तशीच राहिली. त्यात 5 पुडे गेले. म्हणजे स्क्रिप्टमध्ये 120 आणि फळीवर 115. शनिवारी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत 16 पुडे विकले गेले. फळीवर 99 राहिले. दोन वाजून दहा मिनिटांनी तू मोजलेस, 99 भरले. नंतर रात्रीपर्यंत आणखी 11 गेले, म्हणजे शटर ओढताना फळीवर 88.

आता तुझी स्क्रिप्ट चालव. 120 मधून दिवसाचे 27 गेले, 93 उरले. मग शेवटची ओळ येते आणि 93 पुसून 99 लिहिते. दुपारनंतर विकलेले 11 पुडे हिशोबात पुन्हा जिवंत झाले. रविवारी खिळ्यावरची दोन बिलं सापडतात, तू ती रविवारच्या फाईलमध्ये टाकतोस. वास्तविक ते 5 पुडे शनिवारच्या मोजणीतच कमी मोजले गेलेत, तरी ते पुन्हा एकदा वजा होतात. रविवारी 20 विकले. स्क्रिप्ट म्हणते 99 वजा 5 वजा 20, म्हणजे 74. फळीवर आहेत 88 वजा 20, म्हणजे 68.

सोमवारी मोजलंस की तूट 6.

हे 6 कुठून आले? 11 पुडे जास्त धरले गेले आणि 5 दोनदा कापले गेले, त्या दोन चुकांची ही वजाबाकी आहे. आता बिलबुकात कितीही शोध, 6 नगांचं बिल तुला सापडणार नाही, आणि तिथेच माणसावर संशय जातो. चूक एकाच दिशेची असती तर तू दोन-तीन मोजण्यांत पकडली असतीस. दोन उलट्या चुका एकमेकींत मिसळल्या की जो आकडा उरतो तो हुबेहूब चोरीसारखा दिसतो, छोटा, वेडावाकडा आणि कशाशीच न जुळणारा.

संध्याकाळी व्यापाऱ्याकडून दोन डझन पुडे आले असते, तर तेही शेवटच्या ओळीने पुसले गेले असते आणि सोमवारी तुला वाढ दिसली असती. जुने आकडे काढून बघ, कधीतरी वाढही निघाली असेल. वाढ निघाली की दुकानात कोणी काही बोलत नाही, म्हणून ती लक्षात राहत नाही.

आता दुरुस्ती. शेवटची ओळ वर नेऊन आधी मोजणी आणि मग विक्री असं करायचा मोह होईल, तो टाळ. तसं केलंस तर दोनच्या आधी विकलेले 16 पुडे मोजणीतून पुन्हा वजा होतील. मोजणी ना सुरुवातीला बसते ना शेवटी, ती दुपारी दोन दहाला बसते. मग तीन वेगळ्या फायली कशाला? सगळ्या हालचाली एकाच फाईलमध्ये लिही, प्रत्येकीला ती *दुकानात घडली* ती वेळ दे, तू ती टाईप केलीस ती नव्हे.

```
vel,mal,prakar,nag,bil
2026-01-09 10:00,mogra,suruvat,120,
2026-01-09 20:40,mogra,bikri,5,412
2026-01-10 13:55,mogra,bikri,16,420
2026-01-10 14:10,mogra,mojni,99,
2026-01-10 19:30,mogra,bikri,11,433
2026-01-11 18:00,mogra,bikri,20,446
```

जागा वाचावी म्हणून मी दिवसभराची बिलं एकेका ओळीत गोळा केली आहेत आणि शुक्रवारची बाकी विक्री धरलेली नाही. तू अर्थात बिलागणिक ओळ लिही. stock.csv आता सुट्टीवर. आकडा साठवून ठेवायचा नाही, दर वेळी पहिल्या ओळीपासून पुन्हा काढायचा. तुमच्या दुकानात वर्षाच्या चाळीस-पन्नास हजार ओळी झाल्या तरी पायथनला ते काहीच काम नाही.

```python
nondi.sort(key=lambda r: r["vel"])
stock, farak = defaultdict(int), []

for r in nondi:
    m, n, p = r["mal"], int(r["nag"]), r["prakar"]
    if p == "mojni":
        farak.append((r["vel"], m, n - stock[m]))
        stock[m] = n
    elif p in ("suruvat", "kharedi"):
        stock[m] += n
    elif p == "bikri":
        stock[m] -= n
    else:
        raise ValueError(r)
```

`nondi` म्हणजे त्या फाईलमधल्या सगळ्या ओळी, तू bikri वाचतोस तशाच वाचलेल्या. `farak` मध्ये मोजण्यांच्या तफावती जमतात, त्या शेवटी छापून घे. `defaultdict` हे `collections` मधून आणावं लागतं. शेवटचं `else` मुद्दाम ठेवलंय. घाईत bikri चं bikari झालं तर ओळ गुपचूप गिळण्यापेक्षा स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडावं.

वरच्या ओळी हाताने चालवून बघ. 120, मग 115, मग 99. मोजणी 99, तफावत शून्य. मग 88, मग 68. सोमवारी फळीवर 68 आणि स्क्रिप्टमध्येही 68.

यातली खरी गंमत खिळ्यावरच्या बिलांची आहे. समज शनिवारी रात्री तू स्क्रिप्ट चालवलीस तेव्हा ती दोन बिलं अजून सापडलेलीच नव्हती. मोजणीपर्यंत स्क्रिप्टच्या हिशोबाने 104 हवे होते, भरले 99, म्हणून तफावत उणे 5 दिसेल. पण पुढे ती 99 धरून 11 वजा करते, 88. स्टॉक बरोबर! रविवारी बिलं सापडली, तू ती शुक्रवारच्या वेळेने टाकलीस आणि पुन्हा चालवलीस. आता उणे 5 चं शून्य होतं आणि स्टॉक आधीइतकाच राहतो. म्हणजे मोजणीच्या आधीची बिलं उशिरा आली तरी आजचा आकडा हलत नाही, जुनी तूट मात्र भरून निघते. तुझ्या जुन्या पद्धतीत नेमकं उलटं व्हायचं, तूट जागेवर राहायची आणि आजचा आकडा बिघडायचा. तेव्हा बाबांना सांग, मोजणीच्या रात्री आलेली तूट ही कच्ची. गल्ल्याखालचा खिळा, शर्टाचा खिसा आणि बिलबुकाची मधली पानं रिकामी झाल्यावर जी उरेल ती पक्की.

स्क्रिप्ट चुकून दोनदा चालवली तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण जुन्या रचनेत त्या दिवसाची विक्री दोनदा वजा होते. नव्या रचनेत दहा वेळा चालव, आकडा तोच येणार.

वेळ लिहिताना दोन ठिकाणी घसरशील, कारण `vel` हा स्क्रिप्टच्या दृष्टीने मजकूर आहे, घड्याळ नाही. तो अक्षर-अक्षर लावला जातो. `2026-01-10 9:05` लिहिलंस तर ते `2026-01-10 14:10` च्या नंतर जाऊन बसेल, कारण 9 हे अक्षर 1 च्या पुढचं. म्हणून `09:05` लिहायचं. आणि आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हाच क्रम. `10-01-2026` असं आपल्या सवयीने लिहिलंस तर 10 तारखेची जानेवारीची ओळ 9 तारखेच्या फेब्रुवारीच्या ओळीनंतर जाईल. दुसरी घसरण्याची जागा एक्सेल. सीएसव्ही त्यात उघडलीस की ते तारखा स्वतःच्या ढंगात दाखवतं, आणि नुसतं सेव्ह दाबलं तरी फाईलमध्ये तोच ढंग लिहून टाकतं. बघायला उघड, पण सेव्ह करू नकोस. किंवा साध्या नोटपॅडमध्ये उघड.

आता तू म्हणशील, हाताने फाडलेल्या बिलावर वेळ कुठे असते? नसतेच. इथे स्क्रिप्टपेक्षा दुकानातली एक जुनी सवय कामाला येते. स्टॉक तपासायला आलेला ऑडिटर गोदामात शिरण्याआधी विचारतो, शेवटचं बिल कितवं फाडलंय आणि शेवटचा माल कोणत्या चलनावर उतरलाय. त्याला घड्याळाशी देणंघेणं नसतं. तो क्रमांक म्हणजे रेघ: त्याच्या आधीचं सगळं मोजणीच्या अलीकडचं, नंतरचं पलीकडचं. तूही तसंच कर. मोगऱ्याच्या फळीला हात लावण्याआधी बिलबुकात शेवटच्या बिलाखाली लाल पेनने रेघ मार आणि शेजारी "मोगरा" लिही. रात्री टाईप करताना रेघेवरच्या बिलांना मोजणीच्या आधीची कुठलीही वेळ दे, खालच्यांना नंतरची. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, रेघ ओलांडली तर बिघडतं.

रेघेवरही एक बारीक जागा आहे. बिल फाडलंय, पण गिऱ्हाईक अजून नारळ निवडतंय आणि त्याचे दोन पुडे काउंटरवर पडलेत. ते मोजायचे नाहीत, बिल झालंय. उलट, पुडे पिशवीत गेलेत आणि बिल अजून फाडायचंय, तर पिशवीतले मोजायचे. मीही एकदा यातच फसलोय. 2015 च्या सिंहस्थात एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात मी मोजणी करत होतो आणि त्याच वेळी मागच्या दाराने टेम्पोतून खोकी उतरत होती. मी फळ्यांवरचं सगळं मोजलं, नुकतं उतरलेलंही. त्या मालाची चलनं मुनीमजींनी दुसऱ्या दिवशी चढवली. कागदावर माल दोनदा आला. पुढच्या मोजणीत मोठी तूट निघाली आणि ज्या दोन हमालांना जाब विचारला गेला, त्यांनी तोवर ती खोकी उचलून जागेवर ठेवण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं. चूक माझ्या वहीतली होती, हे कळायला मला आठ दिवस लागले. तेव्हापासून माल उतरत असताना मी मोजत नाही.

यापेक्षा सोपं करायचं तर शटर खाली असताना मोज. रामकुंडाकडची गर्दी पहाटेच सुरू होते, म्हणून तुमच्याकडे सकाळ जमणार नाही, रात्रीच जमेल. तेव्हा दिवस संपलेला असतो आणि रेघ मारायची गरजच उरत नाही. तरी वेळ लिहीच, `23:00`.

एवढं करूनही थोडी तूट निघेल, आणि ती स्क्रिप्टला कधीच कळणार नाही. दहा-वीस रुपयांचा पुडा घेणाऱ्याला तुम्ही बिल देत नसाल. जीएसटीत 200 रुपयांच्या आतल्या विक्रीला, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर, वेगळं बिल न देता दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल करता येतं. त्यामुळे पैशांचा हिशोब जुळतो. पण "किरकोळ विक्री, 1,840 रुपये" अशा एका ओळीतून मोगरा किती आणि चंदन किती, हे कसं काढणार? त्या विक्रीत अगरबत्ती सगळ्यात जास्त असते, आणि नेमकी तुझी तूटही अगरबत्तीतच आहे. हा योगायोग नसावा. काउंटरवर एक पाठकोरा कागद ठेव, सात-आठ चालू मालांची नावं लिही, बिनबिलाचा पुडा गेला की नावापुढे एक उभी रेघ, पाचवी आडवी. रात्री मोजून `bikri` ची एक ओळ. बाबा पहिले चार दिवस विसरतील. त्या पोराला सांग, तो विसरणार नाही, त्याला आता गरज आहे.

तूट कागदावर टाकायची घाई न करण्याला अजून एक कारण आहे, ते बाबांना पटेल. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या योजनेत नसाल, तर जीएसटीच्या नियम 56 प्रमाणे स्टॉकचा हिशोब ठेवावा लागतो, आणि त्यात सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक यांच्याबरोबर हरवलेला, चोरीला गेलेला, खराब झालेला माल वेगळा दाखवावा लागतो. जो माल तुम्ही चोरीला गेला किंवा बुडीत धरला असं दाखवाल, त्याच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, कलम 17(5) प्रमाणे सोडावं लागतं. म्हणजे स्क्रिप्टने बनवलेली खोटी तूट तुमच्याच खिशातून कर काढते. त्याच नियमात हेही आहे की नोंद खोडून वर लिहायची नाही, आणि हिशोब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या, काढलेल्या नोंदींची नोंद राहिली पाहिजे. stock.csv मधला आकडा रोज पुसून नवा लिहिणं त्यात बसत नाही. हालचालींची फाईल मात्र जवळपास बसते, फक्त चुकलेली ओळ मिटवू नकोस. तिच्या उलटी, त्याच वेळेची आणि उणे नगांची ओळ टाक आणि मग बरोबर ओळ लिही. कंपोझिशनमध्ये असाल तर स्टॉकच्या हिशोबाचं हे बंधन नाही. तुमच्या सीएला एकदा विचार, कुठल्या खात्यात बसता.

कापराचं थोडक्यात. int ला `0.25` चालत नाही, बरोबरच आहे. float लावून पळवाट काढू नकोस. 0.1 आणि 0.2 ची बेरीज पायथनमध्ये `0.30000000000000004` येते, आणि महिन्याभरात तुला शून्याऐवजी भलतंच शेपूट दिसू लागेल. `nag` मध्ये ग्रॅम लिही, 250. खरेदीचं पाच किलोचं पोतं 5000. मालाच्या नावातच एकक टाक, `kapur_gram`, म्हणजे बाबांनी कधी 5 लिहिलं तर डोळ्याला खटकेल. अगरबत्तीचंही तसंच, बिल डझनात आलं तरी फाईलमध्ये पुडेच लिही.

कापराची तूट मात्र चोर नसताना, स्क्रिप्ट बरोबर असताना, बिलं सगळी चढवलेली असतानाही निघेल, कारण तो उडतो. उघड्या बरणीतला सुटा कापूर वजनाने घटतच जातो. माझी आजी डब्यात मिरे टाकून ठेवायची. मिऱ्यांनी काय होत असेल ते असो, घट्ट झाकणाने फरक पडतो, आणि उन्हाळ्यात जास्त पडतो. कापराची बरणी आठ दिवस न विकता, पण रोजच्यासारखी उघडझाक करत ठेव, आधी आणि नंतर वजन कर. जेवढं घटलं तेवढी तुमच्या दुकानातली, तुमच्या बरणीतली घट. त्याहून जास्त तूट निघाली तरच मान वर करून बघायचं.

आता त्या 900 रुपयांचं. तू रोजच्या फायली तारखेच्या नावाने ठेवल्यास हे फार बरं केलंस, नाहीतर माझ्याकडे तुला सांगायला काहीच नव्हतं. त्या सगळ्या उघड आणि महिन्याभराच्या ओळी एका फाईलमध्ये आण. विक्रीच्या ओळीत वेळ नसेल, पण बिल क्रमांक असेल किंवा बिलबुक कपाटात असेल. मोजण्या दुपारी झाल्या, म्हणजे दिवसाची कुठली बिलं आधीची आणि कुठली नंतरची हे तुला ठरवावं लागेल. आठवत नसेल तर अंदाज करू नकोस, तो दिवस दोनदा चालव. एकदा सगळी बिलं मोजणीच्या आधीची धरून, एकदा सगळी नंतरची धरून. एका टोकाला तफावत अमुक, दुसऱ्या टोकाला तमुक, खरी कुठेतरी त्यांच्या मध्ये. या दोन टोकांमध्ये शून्य येत असेल, तर त्या दिवसाच्या तुटीवरून कोणावर बोट ठेवता येत नाही. आणि तुझ्या फायलींत बहुतेक दिवशी शून्य मध्येच येईल, असं मला वाटतं.

चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. दुरुस्तीनंतर खऱ्या चोरीची खूण वेगळी दिसते. ती मोजणीच्या दिवसाला चिकटून येत नाही, कधी वाढ कधी तूट असं करत नाही, आणि स्वस्त अगरबत्तीपेक्षा छोट्या महाग वस्तूत असते, म्हणजे तांब्याचे छोटे कलश, अत्तराच्या बाटल्या, चंदनाची खोडं. असा एखादा माल निवड आणि पंधरा दिवस रोज रात्री तो एकच मोज, पाच मिनिटांचं काम आहे. फळीवर नग थोडे आणि विक्री बिलावरच, म्हणून एक जरी कमी झाला तरी कोणत्या दिवशी गेला ते कळतं.

बाबांना हे समजावताना पायथन काढू नकोस. बिलबुक, लाल पेन आणि एक कोरा कागद घेऊन बस. वर मांडला तसा एका दिवसाचा हिशोब त्यांच्या समोर, त्यांच्या बिलांवरून मांड, आणि 11 पुडे कागदावर परत जिवंत झाले ती ओळ त्यांना स्वतःला लिहायला लाव. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते तुझ्या-माझ्याआधी कळेल. पैसे परत द्यायचे ठरलं तर पगाराच्या दिवसाची वाट बघू नका, आणि ते पोराच्या हातात बाबांनीच द्यावेत, तू नव्हे. धरले त्यांनी होते.